डिस्चार्ज छपाईत नक्षी पांढरी निघत नाही, किंवा निघून पुन्हा रंगते: कारण कसे शोधायचे

गडद सुती कापडावर डिस्चार्ज छापणाऱ्यांच्या तक्रारी वरवर सारख्याच असतात. नक्षी पांढरी व्हायला हवी होती, पण ती पिवळट आली, निळसर राहिली किंवा डागाळली. आणि उपायही बहुतेक वेळा एकच केला जातो: पेस्टमध्ये रंग काढणारे रोंगालाइट वाढवायचे. माझे म्हणणे असे आहे की रोंगालाइटला सगळ्यात शेवटी हात लावावा. आधी दोन गोष्टी पाहाव्यात. रंग कधी दिसला, आणि कापडावर नेमका कुठे दिसला. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की दोष रंगात आहे, वाफेत आहे की धुलाईत, हे बहुतेक वेळा कळते.

त्यासाठी कापडावर घडते काय ते आधी नीट पाहू. गडद जमिनीवर, म्हणजे आधीच गडद रंगवलेल्या कापडावर, आपण जी पेस्ट छापतो, तिच्यात रंग काढून टाकणारा पदार्थ असतो. सुती कापडासाठी तो साधारणपणे सोडियम फॉर्मल्डिहाइड सल्फोक्झिलेट असतो, म्हणजेच रोंगालाइट. थंड, कोरड्या पेस्टमध्ये तो जवळजवळ निष्क्रिय असतो. 100 ते 102 अंशांच्या ओल्या वाफेत तो फुटतो आणि जोरदार क्षपण करतो. गडद रिॲक्टिव्ह रंगांपैकी बरेचसे अझो वर्गातले असतात. त्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात, आणि रंग दिसतो तो या बंधामुळे. क्षपण झाले की हा बंध तुटतो, रेणूचे दोन तुकडे होतात. हे तुकडे अमाइन असतात, रंगहीन किंवा फिकट पिवळे. एकदा तुटलेला अझो बंध हवा लागली म्हणून परत जुळत नाही. म्हणूनच अझो रंगाची नक्षी टिकते.

म्हणजे नक्षी पांढरी राहायला तीन गोष्टी लागतात. बंध पूर्ण तुटला पाहिजे, तुटलेले तुकडे धाग्यातून धुऊन गेले पाहिजेत, आणि मुळात रंग तुटणाऱ्या जातीचा असला पाहिजे. यातली जी गोष्ट कमी पडेल तिची खूण वेगळी दिसते.

रंग कधी दिसला?

स्टीमरमधून कापड बाहेर येतानाच नक्षीत मूळ जमिनीचा रंग दिसत असेल, काळ्यावर करडा किंवा मरूनवर गुलाबी, तर बंध पूर्ण तुटलेला नाही. पेस्ट कमी पडली, वाफ कमी पडली, किंवा वाफेपर्यंत पोहोचण्याआधीच रोंगालाइट मेले.

बाहेर येताना नक्षी पिवळट किंवा तपकिरी होती आणि उघड्या हवेत काही मिनिटांत निळसर झाली, तर रंग तुटलेलाच नाही. तो तात्पुरता बदलला आणि हवेतल्या ऑक्सिजनने पूर्ववत झाला.

धुऊन वाळल्यावर नक्षी मलईसारखी पिवळसर दिसते आणि तशीच राहते, तर रंग तुटला आहे, पण त्याचा एक तुकडा धाग्याला चिकटून बसला आहे.

आणि सुरुवातीला चांगली पांढरी असलेली नक्षी काही दिवसांनी, विशेषतः उजेडात राहिल्यावर, पिवळी किंवा तपकिरी झाली, तर धुलाई अपुरी झाली. आत राहिलेले अमाइन हवेत आणि उजेडात हळूहळू ऑक्सिडाइज होऊन रंग धरतात.

पहिल्या आणि शेवटच्या प्रकाराला उपाय आहे. तिसऱ्याला अर्धा उपाय आहे. दुसऱ्याला त्या कापडावर उपाय नाही, आणि रोंगालाइट सर्वात जास्त वाया जाते ते इथेच.

एक प्रकरण तपशिलाने

एका कारखान्यात नेव्ही निळ्या सुती कापडाचे दोन लॉट आले. रंगणी रिॲक्टिव्ह रंगांची, दोन्ही लॉट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नव्हता. पेस्ट एकच होती. एक किलोत रोंगालाइट 180 ग्रॅम, पोटॅश कार्बोनेट 60 ग्रॅम, ग्लिसरीन 40 ग्रॅम, बाकी ग्वार गोंदाचे थिकनर आणि पाणी. वाफ 102 अंशांवर 8 मिनिटे. पहिल्या लॉटवर पांढरी स्वच्छ नक्षी आली. दुसऱ्या लॉटवर नक्षी स्टीमरमधून येताना पिवळट तपकिरी दिसली आणि घडी घालेपर्यंत आकाशी निळी झाली.

छापणाऱ्यांनी रोंगालाइट 180 वरून 250 ग्रॅम केले आणि वाफ 12 मिनिटे दिली. निळेपणा तसाच राहिला. त्यात भर म्हणजे प्रत्येक फुलाभोवती एक-दोन मिलिमीटरची फिकट कड उमटली आणि बारीक रेघा एकमेकींत मिसळल्या. आता तक्रारी दोन झाल्या, आणि चर्चा स्टीमरची सुरू झाली.

इथे उपयोगी पडला तो कंट्रोलचा तुकडा. ज्या कापडावर डिस्चार्ज नेहमी चांगला निघतो, त्याचा एक तागा बाजूला ठेवावा आणि प्रत्येक छपाईबरोबर त्याची एक पट्टी त्याच पेस्टने, त्याच स्टीमरमध्ये काढावी. पट्टी स्वच्छ निघाली आणि माल बिघडला, तर पेस्ट आणि वाफ दोन्ही निर्दोष आहेत, दोष कापडाच्या रंगात आहे. पट्टीही बिघडली तर रंगाकडे बघण्याचे कारण नाही. या प्रकरणात पट्टी पांढरी निघाली. स्टीमरची चर्चा तिथेच संपायला हवी होती.

मग दोन्ही लॉटचे तळहाताएवढे तुकडे हायड्रोत तपासले. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम सोडा ॲश आणि 5 ग्रॅम सोडियम हायड्रोसल्फाइट, 60 अंश, पाच ते दहा मिनिटे. भांडे लहान आणि द्रावण काठोकाठ असावे, म्हणजे हवेचा संपर्क कमी राहतो. पहिल्या लॉटचा तुकडा फिकट पिवळसर झाला, थंड पाण्यात धुऊन हवेत ठेवला तरी तसाच राहिला. दुसऱ्याचा तुकडा तपकिरी-पिवळा झाला आणि बाहेर काढताच कडेपासून निळा होऊ लागला. त्यावर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर तिथे निळा रंग लगेच उमटला. उरलेले द्रावण एका काचेच्या भांड्यात ओतून हलवले तर तेही निळसर झाले.

खूण स्पष्ट होती. दुसऱ्या लॉटच्या मिश्रणात अँथ्राक्विनोन वर्गाचा निळा होता. चौकशीअंती कळले की निळा जरा उजळ यावा म्हणून रंगणीत रिॲक्टिव्ह ब्लू 19 घातला होता. हा रंग अतिशय सुंदर, स्वच्छ निळा आहे, आणि एरवी त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच्यात अझो बंध नाही. क्षपणाने त्याचे ल्युको रूप होते, रंग बदलतो, रेणू अखंड राहतो. हवा लागली की तो पूर्वीसारखा निळा होतो. रोंगालाइट कितीही वाढवले तरी जो बंध तिथे नाहीच, तो तुटणार कसा?

मग त्या लॉटचे केले काय? पांढऱ्या नक्षीचा नाद सोडला. त्यावर अपारदर्शक पांढरे पिगमेंट छापणे हा एक मार्ग होता, पण हाताला ते जड लागते. शेवटी नक्षीचा रंग बदलून त्या फिकट निळ्याला साजेसा गडद निळा-हिरवा ठेवला, म्हणजे उरलेला निळा दोष न राहता नक्षीचाच भाग झाला. माझ्या मते हाच निर्णय बरोबर होता. पुढच्या लॉटपासून रंगणीच्या मागणीत दोन ओळी वाढल्या: फक्त डिस्चार्ज होणारे अझो रंग, आणि पूर्ण लॉट रंगवण्याआधी नमुन्याचा तुकडा पाठवावा.

फिरोजी रंगांनाही हेच लागू आहे. रिॲक्टिव्ह ब्लू 21 हा तांब्याच्या फ्थॅलोसायनिनचा रंग आहे आणि तो डिस्चार्जला दाद देत नाही. हिरवी जमीन पिवळ्या अझोत फिरोजी मिसळून केली असेल, तर नक्षी पांढरी न होता फिरोजी निघते. काळ्याचा घोटाळा आणखी मोठा आहे, कारण काळा म्हणून जे कापड येते ते कशाने काळे केले आहे हे रंगावरून कळत नाही. रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 वर आधारलेला काळा चांगला निघतो. सल्फर ब्लॅकने काळे केलेले कापड निघत नाही. तेही क्षपणाने रूप बदलते आणि हवेत परत काळे होते. म्हणून काळा नवीन माणसाकडून घेतला तर हायड्रोची चाचणी कापडाला कात्री लावण्याआधी करावी.

निळीच्या, म्हणजे इंडिगोच्या कापडाची गोष्ट याच्याशी जवळची आहे. इंडिगोही ल्युको होऊन परत निळा होतो, तरी त्यावर क्षपणाने डिस्चार्ज काढतात. तो निघतो कारण पेस्टमध्ये रोंगालाइटबरोबर ल्युकोट्रोप डब्ल्यू नावाचा पदार्थ घालतात. तो ल्युको इंडिगोला पकडून नारिंगी-पिवळे संयुग बनवतो. ते हवेत निळे होत नाही आणि गरम अल्कलीत विरघळून निघून जाते. अल्कलीची धुलाई चुकली तर नक्षी नारिंगीच राहते. रिॲक्टिव्ह रंगांसाठी हा उपाय चालवायचा प्रयत्न करू नये, त्याची रसायनेच वेगळी आहेत.

पिवळट पांढरा: धुलाई की चिकटलेला तुकडा?

हवेत रंग परत येत नाही, पण पांढरा मलईसारखा दिसतो. ही तक्रार गडद काळ्यावर सर्वात जास्त येते, आणि त्याचे कारण रंग धाग्याला कोणत्या टोकाने चिकटतो यात आहे. रिॲक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेला असतो. अझो बंध तुटल्यावर दोन तुकड्यांपैकी जो धाग्याला जोडलेला आहे, तो साबणाने निघत नाही. ब्लॅक 5 मध्ये तर दोन्ही टोके धाग्याला चिकटतात. मधला भाग सुटून धुतला जातो, टोकांचे लहान तुकडे तिथेच राहतात. ते जवळजवळ रंगहीन असतात, पण जमीन फार गडद असेल तर त्यांची संख्याही मोठी असते आणि पांढऱ्यावर पिवळी झाक दिसते.

इथे विनाइल सल्फोन जातीच्या रंगांचा मोठा फायदा आहे. त्यांचा धाग्याशी असलेला बंध गरम अल्कलीत सुटतो. म्हणून पेस्टमध्ये पोटॅश कार्बोनेट असते. वाफेत रोंगालाइट अझो बंध तोडते, अल्कली धाग्याशी असलेला बंध सैल करते, आणि तुकडे धुऊन जातात. क्लोरोट्रायझिन जातीच्या रंगांचा बंध अल्कलीला जास्त टिकतो. तो टिकाऊपणा घालण्याच्या कपड्यात गुण आहे, डिस्चार्जच्या जमिनीत अडचण. म्हणून डिस्चार्जसाठी जमीन रंगवताना विनाइल सल्फोन रंग मागावेत आणि पेस्टमधली अल्कली काटकसर म्हणून कमी करू नये.

तुमच्या हातातल्या पिवळटपणाचे कारण कोणते, हे एका साध्या चाचणीने कळते. नक्षीचा एक तुकडा कापून घ्या आणि उकळीजवळच्या, 95 अंशांच्या साबणपाण्यात दहा मिनिटे ठेवून शेजारच्या न धुतलेल्या तुकड्याशी ताडून पाहा. तो उजळला तर माल नीट धुतलेला नव्हता, सगळा माल पुन्हा धुवा. जसाच्या तसा राहिला तर तुकडे धाग्याला चिकटलेले आहेत, आणि कितीही साबण लावला तरी मिळणार काही नाही.

धुलाईचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी भरपूर वाहते थंड पाणी, म्हणजे गोंद, उरलेले रोंगालाइट आणि सुटलेले तुकडे निघून जातात. मग कोमट, मग उकळता साबण, मग पुन्हा स्वच्छ पाणी. पहिलेच पाणी गरम आणि थोडे असेल, तर जमिनीतून सुटलेला रंग आणि तुकडे नक्षीच्या पांढऱ्यावरच बसतात. असा डाग घट्ट बसतो आणि मग लोक तो रोंगालाइटचा दोष समजतात.

चिकटलेल्या तुकड्यांवर अर्धा उपाय असा की पेस्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड घालून पांढरेपणा वरून वाढवायचा. किलोला 50 ते 100 ग्रॅम पुरते, मात्र कापड थोडे कडक होते आणि बारीक जाळीची स्क्रीन तुंबते. मला यापेक्षा नक्षीलाच हलका रंग देणे बरे वाटते. क्षपणाला टिकणारे व्हॅट रंग त्याच पेस्टमध्ये घालून पांढऱ्याऐवजी पिवळी किंवा गेरूच्या छटेची नक्षी काढली, तर पिवळी झाक त्यात विरून जाते.

रंग कुठे दिसला?

आता वेळेऐवजी जागा पाहा. नक्षी सगळ्या ताग्यावर सारखी बिघडली असेल तर शंका रंगावर किंवा पेस्टवर. तागा छापायला घेतला तेव्हाचा भाग खराब आणि शेवटी छापलेला भाग चांगला असेल, तर छपाई आणि वाफ यांच्यात गेलेला वेळ दोषी आहे. रोंगालाइट ओलसर, उबदार हवेत हळूहळू मरते. सकाळी छापलेला भाग संध्याकाळपर्यंत दमट खोलीत टांगून राहिला तर त्यावरचे रोंगालाइट वाफेपर्यंत उरत नाही, संध्याकाळी छापलेला भाग मात्र ताजा असतो. यावर उपाय म्हणजे छापल्यावर कापड लगेच, पण बेताच्या तापमानाला पूर्ण वाळवायचे, कोरड्या जागी गुंडाळून ठेवायचे आणि त्याच दिवशी वाफेला लावायचे. वाळवताना घाईने उष्णता वाढवली तरी रोंगालाइट तिथेच खर्च होते. हीच पेस्ट दुसऱ्या दिवशी वापरली तरी असेच होते.

कापडाच्या कडा बिघडल्या आणि मधला भाग पांढरा आहे, किंवा स्टीमरच्या तोंडाजवळचे फेरे बिघडले आहेत, तर स्टीमरमध्ये हवा शिरते आहे. रोंगालाइटला रंगापेक्षा ऑक्सिजन जवळचा. हवा असेल तर ते तिच्यातच संपते. कापड आत सोडण्याआधी हवा पूर्ण बाहेर जाऊन स्टीमरच्या तोंडातून वाफ सतत येत राहील इतका वेळ द्यावा लागतो, आणि ती वाफ संपृक्त असावी लागते. कोरड्या, जास्त तापलेल्या वाफेत छापलेला भाग वाळून जातो आणि क्षपणाला लागणारे पाणीच मिळत नाही. उलट छतावरून पाण्याचे थेंब कापडावर पडत असतील तर तिथे पेस्ट पसरते आणि जमिनीवर फिकट डाग येतात.

फिकट कड

वरच्या प्रकरणातली एक-दोन मिलिमीटरची कड याच विषयाची दुसरी बाजू आहे. वाफेत छापलेला भाग ओल घेतो, रोंगालाइट त्या ओलीबरोबर नक्षीच्या बाहेर सरकते आणि शेजारची जमीन थोडी फिकट करते. रोंगालाइट गरजेपेक्षा जास्त, ग्लिसरीन किंवा युरिया जास्त, थिकनर पातळ, वाफ जास्त ओली किंवा जास्त वेळ, यातले काहीही ही कड उमटवते. म्हणून नक्षी पुरेशी निघत नसताना केलेली प्रत्येक वाढ कडेची शक्यताही वाढवते. पेस्ट 120, 150, 180, 210 ग्रॅम अशी चढत्या क्रमाने एकाच कापडाच्या पट्ट्यांवर छापून, एकत्र वाफवून पाहावी. ज्या पातळीनंतर पांढरेपणा वाढत नाही, ती तुमच्या त्या जमिनीची मर्यादा. त्यापुढे फक्त कड वाढते.

नक्षी फार बारीक असेल तर आणखी एक संरक्षण आहे. छपाईच्या आधी रंगवलेल्या कापडाला रेझिस्ट सॉल्टचे सौम्य द्रावण, लिटरला 10 ग्रॅमच्या आसपास, पॅड करून वाळवायचे. हे सौम्य ऑक्सिडीकारक आहे. नक्षीबाहेर भरकटलेले थोडे रोंगालाइट ते मारते, नक्षीतले भरपूर रोंगालाइट मात्र त्याला पुरून उरते. प्रमाण वाढवले तर नक्षीही मळकट राहते, तेव्हा आधी पट्टीवर पाहा.

वाफवताना आणि पेस्ट ढवळताना फॉर्मल्डिहाइड सुटते, ते डोळ्यांना आणि घशाला झोंबते आणि प्रकृतीला घातक आहे. स्टीमरच्या तोंडावर हवा ओढणारा पंखा आणि हातात मोजे असल्याशिवाय यातल्या चाचण्याही करू नयेत. रोंगालाइटचा डबा घट्ट झाकून, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. ओल लागून गोळे झालेले रोंगालाइट वजनाने तेवढेच भरते, पण काम कमी करते. त्यामुळे डबा नवा उघडला की कंट्रोलच्या पट्टीवर एकदा छापून पाहा आणि ती पट्टी तारीख घालून डब्याशेजारी लावून ठेवा.